काउंट नॉर्मल आहे, मग बाळाला घरी नेऊ का?

श्रावणातला मंगळवार होता. दुपारी बाराच्या सुमारास एक आजी, त्यांची लेक आणि सून अशा तिघीजणी दवाखान्यात आल्या. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, तिच्या मांडीवर सात आठवड्यांची मुलगी. सुनेच्या कडेवर तिचा तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे बाळाचा मामेभाऊ. दोन्ही मुलांना ताप होता. आमच्याकडे येण्याआधीच घरच्या मंडळींनी लॅबमध्ये जाऊन दोघांचेही रक्त तपासून आणले होते. हल्ली हे बऱ्याच घरांत होते.

आजींनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि निकालही सांगून टाकला. "डॉक्टर, नातवाचा काउंट अठरा हजार सहाशे आलाय. त्याला चांगलं इंजेक्शन द्या. पोरीचा नऊ हजार दोनशे, म्हणजे नॉर्मल आहे. त्याचीच सर्दी तिला लागली असणार. तिला थोडं तापाचं औषध द्या, आम्ही घरी नेतो."

आजींचा तर्क चुकीचा आहे असे वरवर पाहता कोणीच म्हणणार नाही. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जिवाणूंचा संसर्ग आणि वाढल्या नाहीत म्हणजे साधा विषाणूचा ताप, हा ठोकताळा लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे. काही प्रमाणात तो आम्हा डॉक्टरांनीच बसवला आहे. पण त्या दिवशी या दोन मुलांच्या बाबतीत तो दोन्हीकडून उलटा निघाला. हे कसे झाले ते सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून घरच्यांचे काही तपशील बदलले आहेत.

आधी तो काउंट म्हणजे काय ते पाहू. रक्ताच्या एका थेंबात तांबड्या पेशींच्या मानाने पांढऱ्या पेशी फारच थोड्या असतात. रिपोर्टवर जो आकडा येतो तो एक घन मिलिमीटर रक्तात किती पांढऱ्या पेशी सापडल्या त्याचा असतो. त्यांत निरनिराळ्या जाती असतात. जिवाणूंवर पहिल्यांदा धावून जाते ती न्यूट्रोफिल नावाची पेशी. लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा विषाणूंशी लढण्यात मोठा वाटा असतो. जिवाणूंचा हल्ला झाला की हाडांतल्या मगजातून न्यूट्रोफिल पेशी भराभर बाहेर पडतात आणि एकूण आकडा चढतो. ठोकताळा इथून आला आणि इथपर्यंत तो बरोबरही आहे.

अडचण पुढे आहे. रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिल पेशींपैकी जवळजवळ निम्म्या रक्ताबरोबर वाहत नसतात. त्या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात आणि मोजणीत येत नाहीत. मूल जोरजोरात रडले, त्याला झटका आला, ते पळून दमले किंवा उलट्यांनी हैराण झाले, तर शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते आणि या बसलेल्या पेशी प्रवाहात उतरतात. थोड्याच वेळात आकडा काही हजारांनी चढतो आणि जंतूंचा त्यात काहीही संबंध नसतो. लॅबच्या बाकावर दोघांनी धरून ठेवलेले, सुई पाहून किंचाळणारे तीन वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनेही असेच होते. शिवाय काही विषाणू स्वतःच काउंट भरपूर वाढवतात. अॅडिनोव्हायरस त्यात अग्रेसर. ताप १०३ पर्यंत, डोळे लाल, घसा लाल आणि काउंट पाहावा तर जिवाणूंचा वाटावा असा.

आणखी एक गोष्ट आहे. रिपोर्टच्या उजव्या बाजूला '४,००० ते ११,०००' अशी जी मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसाची असते. लहान मुलांचा आकडा मुळातच जास्त असतो. दोन-तीन वर्षांच्या मुलात सतरा हजारांपर्यंतचा आणि महिना-दोन महिन्यांच्या बाळात एकोणीस हजारांपर्यंतचा काउंटही निरोगीपणाच्या मर्यादेत बसतो. त्यामुळे मुलाच्या कागदावर यंत्राने वर जाणारा बाण छापला म्हणून दचकून जाण्याचे कारण नाही.

हे झाले वाढलेल्या आकड्याचे. जास्त फसवतो तो न वाढलेला आकडा. २०१७ साली अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तापाने आणलेली, साठ दिवसांच्या आतली ४,३१३ बाळे त्यात होती. त्यांपैकी ९७ बाळांच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जिवाणू पोहोचल्याचे कल्चरमध्ये सिद्ध झाले. या ९७ पैकी किती जणांचा काउंट पंधरा हजारांच्या वर होता? शंभराला सुमारे २७ या प्रमाणात. म्हणजे इतका भयंकर आजार असलेल्या दर चार बाळांपैकी जवळजवळ तिघांच्या काउंटने ती धोक्याची रेषा ओलांडलीच नव्हती. त्या बाळांना केवळ 'काउंट ठीक आहे' म्हणून घरी पाठवले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

आता आमच्या बाळाकडे वळतो. आईला मी पहिला प्रश्न विचारला, ताप किती वाजता लक्षात आला? ती म्हणाली, पहाटे पाचच्या सुमारास दूध पाजताना अंग गरम लागले. लॅबमध्ये रक्त दिले आठ वाजता. म्हणजे ताप येऊन तीनच तास झाले असताना हा नऊ हजार दोनशेचा आकडा घेतलेला होता. दुसरा प्रश्न, दूध कसे पिते? "रोज वीस मिनिटं पिते, आज दोन-चार घोट घेऊन सोडून देते." आजींनी लगेच, सर्दीने नाक चोंदले असेल, असे म्हटले. पण बाळाचे नाक स्वच्छ होते. खोकला नव्हता, छाती साफ होती. मामेभावाला सर्दी-खोकला होता म्हणून हिलाही तेच झाले असे सर्वांनी धरले होते. तिच्या अंगावर मात्र सर्दीची एकही खूण नव्हती. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या आजारी मुलाकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा मोह डॉक्टरलाही होतो.

थर्मामीटरने ताप १०१.५ भरला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असला, तर कारण सापडेपर्यंत तो गंभीर समजायचा, असा बालरोगशास्त्रातला नियम आहे. या वयात प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि रोग लक्षणे दाखवत नाही. आणि दिसायला कोणताही बिघाड नसताना जिवाणू दडून बसण्याची जागा बहुधा मूत्रमार्गात असते.

म्हणून सर्वांत आधी लघवी तपासायला घेतली. ती कशी घ्यायची याला फार महत्त्व आहे. बाळाला प्लास्टिकची पिशवी चिकटवून लघवी गोळा करण्याची पद्धत सोपी आहे, पण त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरमध्ये भलतेच काहीतरी उगवते. आम्ही बारीक नळी घालून लघवी काढली. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात तीस-चाळीस पू-पेशी दिसल्या. निरोगी लघवीत त्या पाचाच्या आत असतात.

मग सकाळचा तोच रक्ताचा कागद मी पुन्हा हातात घेतला आणि आजींनी न वाचलेली दुसरी ओळ वाचली. एकूण काउंट ९,२००, पण त्यात न्यूट्रोफिल ५८ टक्के होत्या. मोठ्या माणसात हे प्रमाण अगदी सर्वसाधारण. सात आठवड्यांच्या बाळात मात्र लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात. ९,२०० चे ५८ टक्के म्हणजे सुमारे ५,३०० न्यूट्रोफिल. या वयाच्या तापाच्या बाळांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत चार हजारांच्या वरच्या न्यूट्रोफिल संख्येकडे संशयाने पाहायला सांगितले आहे. एकूण काउंटचा आकडा मात्र त्या सूत्रांत निकष म्हणून ठेवलेलाच नाही. तेव्हा सकाळच्या 'नॉर्मल' कागदातच इशारा होता, फक्त तो पहिल्या ओळीत नव्हता.

लघवीचे आणि रक्ताचे कल्चर लावले आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून दिला. एक वाजला होता. आता प्रश्न असा होता की जंतू मूत्राशयातच आहेत की मूत्रपिंडापर्यंत आणि तिथून रक्तात चढले आहेत? साध्या काउंटवरून हे कळत नाही. म्हणून तीन वाजता, ताप येऊन दहा तास झाल्यावर, थोडे रक्त प्रोकॅल्सिटोनिनच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सोबत नातवाचेही पाठवले. नातवासाठी ही तपासणी खरे तर लागलीच नसती, पण अठरा हजारांच्या आकड्याने घरच्यांना इतके घाबरवले होते की नुसत्या माझ्या शब्दावर त्यांचे समाधान होईना. गाडी जाणारच होती.

प्रोकॅल्सिटोनिन हे नाव अवघड आहे, गोष्ट तितकी अवघड नाही. आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातल्या काही पेशी कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक तयार करतात. ते थेट तयार होत नाही. आधी एक लांब प्रथिन तयार होते आणि मग ते कापून त्यातून कॅल्सिटोनिन काढले जाते. ते लांब प्रथिन म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसात ते थायरॉइडमध्येच कापले जाते, रक्तात जवळजवळ सापडत नाही. एका मिलिलिटरमध्ये ०.१ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

जिवाणूंचे विष रक्तात पसरू लागले की एक विलक्षण गोष्ट घडते. यकृत, चरबी, स्नायू, फुप्फुसे असे शरीराचे जवळजवळ सगळेच अवयव हे प्रथिन तयार करू लागतात. पण ते कापण्याची हत्यारे या अवयवांकडे नसतात. त्यामुळे न कापलेले प्रोकॅल्सिटोनिन तसेच रक्तात ओतले जाते आणि पातळी शेकडो पटींनी चढू शकते. विषाणूंच्या आजारात उलट घडते. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते आणि त्याचा एक प्रकार हे उत्पादन दाबून धरतो. मूल रडले, पळाले, घाबरले तर काउंट चढतो तसे प्रोकॅल्सिटोनिन चढत नाही. दोन तपासण्यांमधला मुख्य फरक हा आहे.

हे प्रथम लक्षात आले फ्रान्समध्ये. १९९३ साली तिथल्या संशोधकांनी संसर्गाचा संशय असलेल्या ७९ मुलांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केला. गंभीर जिवाणू संसर्ग असलेल्या १९ मुलांत ही पातळी ६ ते ५३ पर्यंत गेलेली होती. विषाणूंचा आजार असलेल्या २१ पैकी १८ मुलांत ती दीडच्या आतच राहिली. उरलेल्या तिघांकडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये. या तपासणीने शंभर टक्के निवाडा होत नाही, हे पहिल्याच अभ्यासात दिसले होते.

वेळेचेही गणित आहे. पुढच्याच वर्षी निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंच्या विषाचा अगदी सूक्ष्म डोस टोचून दर काही तासांनी रक्त तपासण्यात आले. दोन तासांनी काहीच नव्हते. चार तासांनी प्रोकॅल्सिटोनिन दिसू लागले, सहा तासांनी भरपूर चढले आणि आठ ते चोवीस तास तसेच टिकले. म्हणून ताप आल्या आल्या केलेली तपासणी कमी आली, तर तिच्यावर विसंबता येत नाही. आमच्या बाळाचे रक्त सकाळी आठला पाठवले असते तर कदाचित 'ठीक आहे' असाच निरोप आला असता. तापाची नेमकी वेळ डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात ती यासाठी. ज्या सीआरपी तपासणीचे नाव आता बऱ्याच घरांत माहीत झाले आहे ती याहून सावकाश, अर्ध्या-एक दिवसाने चढते आणि विषाणूंच्या आजारातही बऱ्यापैकी चढू शकते.

सहा वाजता जिल्ह्याहून फोन आला. नातू ०.२, बाळ ३.८.

या वयात ०.५ च्या वरचा आकडा संशयास्पद मानतात. ३.८ म्हणजे जंतू मूत्राशयापुरते थांबलेले नसण्याची दाट शक्यता. आता मेंदूच्या आवरणाचीही खात्री करून घेणे भाग होते, म्हणजे मणक्यातले पाणी काढून तपासणे. हे शब्द उच्चारताच खोलीतले वातावरण बदलले. आजी रडू लागल्या. बाळाचे वडील पुण्याहून मोबाईलवर म्हणाले, "डॉक्टर, सकाळचा रिपोर्ट नॉर्मल होता ना? मग आता मणक्यात सुई कशाला?" मी त्यांना दोन्ही कागदांतला फरक समजावून सांगितला. सकाळचा आकडा तीन तासांच्या तापाचा आणि एकूण पेशींचा, संध्याकाळचा दहा तासांच्या तापाचा आणि जिवाणूंच्या विषाला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा. सुई कमरेच्या खालच्या बाजूला, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो तिथे टोचतात, तिने पांगळेपणा येत नाही, हेही सांगितले. वीस मिनिटांनी त्यांचा होकार आला.

तेव्हा अँटिबायोटिकचा डोस देऊन सहा तास झाले होते. इतक्या वेळात पाण्यातल्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही, कल्चर मात्र खोटे निर्जंतुक येऊ शकते. म्हणून मी पेशींच्या मोजणीची वाट पाहिली. पाणी स्वच्छ निघाले आणि पेशी नॉर्मल होत्या. त्या रात्री आजींच्या आधी मीच सुस्कारा सोडला असेन.

गुरुवारी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू एक लाखाच्या वर उगवला. त्याला आमचे औषध लागू पडत होते. रक्ताचे कल्चर शेवटपर्यंत निर्जंतुक राहिले. गुरुवारीच दुपारी, पहिल्या तपासणीनंतर अठ्ठेचाळीस तासांनी, प्रोकॅल्सिटोनिन पुन्हा पाहिले. ते १.१ झाले होते. जिवाणूंचा जोर मोडला की हे प्रथिन साधारण दर चोवीस तासांनी निम्मे होते. ३.८ चे १.९ आणि त्याचे ०.९५, या हिशेबाशी १.१ जवळजवळ जुळत होते. आकडा निम्मा होत नसता, तर औषध बदलायचे की कुठे पू साचला आहे का ते शोधायचे, हा विचार करावा लागला असता. बाळ बुधवार संध्याकाळपासूनच पोटभर पिऊ लागले होते, आणि मला आकड्यापेक्षा त्याचा जास्त भरवसा वाटत होता.

आणि नातू? मंगळवारी माझ्या टेबलावरच्या शिक्क्यांशी खेळत होता. पाणी पीत होता, लघवी होत होती, श्वासाची गती ठीक होती, लसी सगळ्या झालेल्या. डोळे व घसा लाल. ताप येऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिनला चढायला हवा तेवढा वेळ मिळालेला होता, आणि तरीही ते ०.२ वरच होते. त्याला वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल आणि पाणी, एवढेच दिले. 'अठरा हजार काउंट असून अँटिबायोटिक नाही' हे आजींना पटवणे मणक्याच्या सुईइतकेच अवघड गेले. रोज एकदा दाखवायला आणायचे, या अटीवर त्या तयार झाल्या. शुक्रवारी त्याचा ताप गेला.

एवढे वाचून कोणी उद्या लॅबमध्ये जाऊन आपणहून प्रोकॅल्सिटोनिन करून घेईल, अशी मला भीती वाटते. तसे करू नये. ही तपासणी साध्या काउंटच्या कितीतरी पट महाग आहे, आणि तिच्याही फसण्याच्या जागा आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ती निरोगी बाळातही चढलेली असते. मोठी शस्त्रक्रिया, मोठे भाजणे, जबर अपघात, उष्माघात, मूत्रपिंड निकामी होणे, या सर्वांत जिवाणू नसतानाही आकडा वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया असतो. तो जिवाणूंचा आजार नव्हे, पण त्याच्या गंभीर प्रकारात प्रोकॅल्सिटोनिन चांगलेच चढते, तेव्हा मलेरियाची तपासणी न करता नुसता हा आकडा पाहून निष्कर्ष काढला तर घात होतो. डेंग्यूत ते सहसा कमी राहते, मात्र डेंग्यूचा रुग्ण शॉकमध्ये गेला की वर जाऊ शकते.

उलट बाजूने, जंतू एका जागी कोंडलेले असतील, जसे गळू किंवा मूत्राशयापुरता संसर्ग, तर आकडा कमी असूनही आजार जिवाणूंचाच असतो. म्हणूनच बाळाची लघवी आम्ही प्रोकॅल्सिटोनिनची वाट न पाहता आधी तपासली. विषमज्वरात तर काउंट बहुतेक वेळा नॉर्मल किंवा कमीच असतो. आणि संसर्ग हाताबाहेर गेला की मगजातला पेशींचा साठा संपून काउंट चार-पाच हजारांच्या खाली येतो. असा घसरलेला आकडा वीस हजारांपेक्षाही जास्त घाबरवणारा असतो, पण लोक त्याला 'वाढला नाही' म्हणून चांगला समजतात.

रक्तात जंतू पसरल्याचा दाट संशय असलेल्या मोठ्या माणसाला अँटिबायोटिक सुरू करावे की नाही, हे या आकड्यावरून ठरवू नये, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतही म्हटले आहे. औषध कधी थांबवायचे हे ठरवायला मात्र त्याचा उपयोग होतो. आजारी दिसणारे, हातपाय गार पडलेले, धापा टाकणारे, टाळू फुगलेले, उठवूनही न उठणारे मूल समोर असेल तर कोणत्याच कागदाची वाट पाहायची नसते.

बाळ सहाव्या दिवशी घरी गेले. पुढचे चार दिवस तोंडाने औषध दिले. मूत्रपिंडांची सोनोग्राफी केली, दोन्ही व्यवस्थित होती, कुठे सूज वा अडथळा नव्हता. जाताना मी आजींच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिले होते की या मुलीला पुढे केव्हाही ताप आला आणि सर्दी-खोकल्यासारखे कारण दिसत नसले, तर चोवीस तासांच्या आत लघवी तपासून घ्यावी, आणि येताना ताप पहिल्यांदा कधी लागला ती वेळ लिहून आणावी. ती चिठ्ठी त्यांनी पंचांगात ठेवली आहे, असे मामेभावाची आई परवा सांगत होती.